सात मात्रांचं गाणं लंगडतंय? आधी टाळ खाली ठेवा

माझं पलूसजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि संध्याकाळी मी ढोलकी-तबला वाजवतो. दुकानात शेतकरी मोटर घेऊन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कॉइल जळलंय." दहातल्या सहा वेळा कॉइल ठणठणीत असतं आणि स्टार्टरचा फ्यूज गेलेला असतो. सात मात्रांच्या गाण्याचंही तसंच आहे. भजनी मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन, गणपतीतला पोरांचा ग्रुप, कुणीही असो, निरोप एकच येतो: "चाल अवघड आहे हो, बसतच नाही." चाल बहुतेक वेळा सोपी असते. बिघाड त्याच चार-पाच ठिकाणी असतो आणि तो शोधायचा क्रमही ठरून गेलाय. मागच्या नवरात्राआधी आमच्याच गावातल्या बायकांच्या मंडळात तो क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरावा लागला, म्हणून तेच उदाहरण धरून लिहितो.

गाणं साधं, चार सुरांत फिरणारं. मुखडा असा:

कृष्णकाठी ऊस डोले, वाट पाहे माउली
सांज झाली गुरं आली, लेक नाही आली गं

चाल सात मात्रांची, तीन-दोन-दोन अशी. तबल्यावर ज्याला रूपक म्हणतात तीच विभागणी.

लक्षणं

आधी नुसतं ऐका, काही दुरुस्त करू नका. सात मात्रा बिघडतात त्या तीन-चार तऱ्हांनीच, आणि प्रत्येक तऱ्हेचा दोष वेगळा असतो.

पहिली तऱ्हा म्हणजे आवर्तन, म्हणजे सात मात्रांचा एक फेरा, संपताना सगळे क्षणभर थांबतात. हात हवेत राहतो, मग पुढचा शब्द पडतो. हे गाणं आठ मात्रांचं झालंय. दुसरी तऱ्हा उलटी. गाणं छान झुलतं, डोलावंसं वाटतं, पण शब्द पळाल्यासारखे वाटतात. तिथे सुरुवातीचा लांब तुकडा आखडलाय आणि सहाचा दादरा झालाय. तिसऱ्या तऱ्हेत मोजणी अगदी बरोबर असते, पण ऐकताना वाटतं की वर्गात पाढे चाललेत. चौथी सगळ्यात फसवी. ठेका चालू असेपर्यंत कुठेच काही खटकत नाही, पण ढोलकीवाल्याने तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून पहिल्या मात्रेवर उतरणारा तुकडा, घेतली किंवा गाणं संपवायची वेळ आली की गायक एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे.

पहिल्या दोन तऱ्हा कानाला ओळखू येत नसतील तर मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि घड्याळ लावा. आमची लय मिनिटाला १५० मात्रा होती, म्हणजे एक मात्रा ०.४ सेकंद. सातचं एक आवर्तन २.८ सेकंदांचं, दहा आवर्तनं २८ सेकंदांची. दहा आवर्तनांना ३२ सेकंद लागले तर तुम्ही आठ गाताय, २४ लागले तर सहा. पहिल्या दिवशी आमचे ३१ सेकंद आले. मंडळातल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हळू गातोय का?" नाही. लय तीच होती, मात्रा वाढल्या होत्या. हा फरक घड्याळाशिवाय पटत नाही. "जरा पटापट म्हणा" असं सांगितलं असतं तर त्यांनी आठच मात्रा भराभर म्हटल्या असत्या.

असं का होतं, एवढं कळलं तरी पुढचं सोपं जातं. तीन-दोन-दोन म्हणजे एक लांब आणि दोन आखूड ठोके. लांब ठोका आखूड ठोक्याच्या दीडपट असतो. आपल्या अंगाला एकपट आणि दुप्पट या दोन गोष्टी लहानपणापासून येतात. पावली, लेझीम, झांजपथक, आरती, सगळं तिथलंच. दीडपट मात्र अंगात नसते. म्हणून लांब ठोका सोयीच्या बाजूला सरकतो. दुप्पट झाला की चार-दोन-दोन म्हणजे आठ, एकपट झाला की दोन-दोन-दोन म्हणजे सहा. दोन्ही शेजारी मजबूत आहेत, त्यांच्यामध्ये सात मात्रांना घर करून द्यायचंय.

पहिली तपासणी: टाळ खाली, आकडे बंद

याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं.

टाळ वाजवणाऱ्या बाईंचा हात दोन-दोनच्या जोडीने चालतो, एक बंद आघात, एक खुला. सात विषम असल्यामुळे पहिल्या आवर्तनात खुला आघात जिथे पडतो तिथे दुसऱ्या आवर्तनात बंद पडतो. हाताला हे चुकल्यासारखं वाटतं आणि तो नकळत एक मात्रा भरून घेतो. कुणी चुकत नसतं, हात आपलं जुनं काम इमानाने करत असतो. पण बारा टाळांनी एकदम एक मात्रा भरली की ढोलकीचं काही चालत नाही. म्हणून आधी टाळ खाली. नंतर टाळ परत घ्यायचे तेव्हा फक्त पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, तिन्ही आघात खुले. मधल्या मात्रा रिकाम्या सोडायच्या.

दुसरं म्हणजे एक ते सात मोजणं बंद. मराठीत यात एक गंमत आहे, ती माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सात हे सगळे आकडे बोलताना एका झटक्यात येतात. 'सहा'ला मात्र दोन झटके लागतात, स-हा. लय वाढली की सहाव्या मात्रेवर जीभ अडखळते, तिथे अर्धी मात्रा जास्त जाते आणि सातावर थांबून ती आठ पुरी करते. मोजायचंच असेल तर एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन असं मोजा. पण खरं सांगायचं तर मोजूच नका, पुढची युक्ती करा.

दुसरी तपासणी: एसटीचा फलक

सातारा, कराड, सांगली. हा गाडीचा फलक मोठ्याने वाचा. सा-ता-रा, क-राड, सांग-ली. तीन, दोन, दोन. प्रत्येक झटक्याला सारखा वेळ द्यायचा आणि गावाच्या पहिल्या अक्षरावर टाळी. सलग वीस वेळा म्हणा, मध्ये श्वासासाठी थांबायचं असेल तर अख्खं एक आवर्तन गप्प बसा आणि टाळ्या चालू ठेवा.

चूक होते ती 'कराड'मध्ये. बोलताना आपण 'राड' लांबवतो, क-राऽड. तो लांबला की तीन-तीन-दोन झालं, आठ पुरे. मंडळातल्या निम्म्या बायका तिथेच अडकल्या होत्या. 'राड' चटकन सोडा आणि 'सांग' पकडा. 'सांगली'च्या शेवटी सुद्धा 'ली' ओढू नका, लगेच 'सा' आला पाहिजे. हा जोड, सातव्या मात्रेवरून पहिलीवर येणं, म्हणजे गळती नेमकी होते ती जागा. पाइपलाइनमध्ये पाणी बहुतेकदा सांध्यातच गळतं.

आता परतीची गाडी: सांगली, कराड, सातारा. दोन-दोन-तीन. मात्रा सातच, पण चालण्याची ढब पार बदलते. लांब तुकडा शेवटी आल्यामुळे आवर्तन शेवटाकडे घसरत जातं. बल्गेरियातलं रचेनित्सा नावाचं लोकनृत्य याच दोन-दोन-तीनवर चालतं, आणि ग्रीसमधलं कालामातियानोस आपल्या रूपकासारखं तीन-दोन-दोनवर. तिकडच्या गावात लग्नात नाचणारी माणसं काही सात मोजत नाहीत. त्यांच्या पायात एक लांब पाऊल आणि दोन आखूड पावलं असतात, बस्स. हे सांगायचं कारण निव्वळ माहिती नाही. हल्ली कीबोर्डवाला पोरगा इंटरनेटवरून सात मात्रांचा ठेका उतरवून आणतो, तो बहुतेकदा परतीच्या गाडीचा असतो आणि गाणं जायच्या गाडीचं. दोघांचे सात बरोबर असतात आणि एकत्र काही केल्या बसत नाहीत. म्हणून गाणं कुठल्या गाडीचं आहे ते आधी ठरवा. मुखड्याचा पहिला शब्द लांब सुरू होत असेल तर साताऱ्याहून, शेवट लांब असेल तर सांगलीहून.

आमचं 'कृऽष्ण-काऽ-ठीऽ' सरळ साताऱ्याचं होतं. फलकाच्या जागी मुखडा घातला आणि दुसऱ्या दिवशी दहा आवर्तनं २८ सेकंदांवर आली. पहिली ओळ सुटली.

तिसरी तपासणी: पाय

ही थोडक्यात. उभं राहा आणि पहिल्या, चौथ्या, सहाव्या मात्रेवर पाऊल टाका. उजवा-डावा-उजवा, मग पुढच्या आवर्तनाला डावा-उजवा-डावा. पाऊल तीनदा पडतं आणि पाय दोन, त्यामुळे दर आवर्तनाला सुरुवातीचा पाय बदलणारच. लोक इथे घाबरतात आणि एक पाऊल जास्त टाकून पुन्हा उजव्यावर येतात. पाय बदलू द्या. दोन आवर्तनं झाली, चौदा मात्रा झाल्या, की उजवा आपोआप उजव्यावर येतो. म्हणून नेहमी जोडीने आवर्तनं म्हणा, एकटं एक कधीच नको.

पाढे म्हटल्यासारखं वाटणं, ती तिसरी तऱ्हा, इथे जाते. सातही मात्रांना सारखं वजन दिलं की पाढे होतात. पाय तीनच ठिकाणी पडला की बाकीच्या चार मात्रा आपोआप हलक्या होतात.

चौथी तपासणी: शब्द

आता जरा कागद-पेन लागेल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

आमची पहिली ओळ नीट बसली, पण दुसरी ओळ आली की पुन्हा कुठेतरी ओढल्यासारखं व्हायचं. नेमकं कुठे ते कुणाला सांगता येईना. मी फक्त दुसरी ओळ सलग दहा वेळा म्हणवून घेतली. एका ओळीत चार आवर्तनं, म्हणजे ११.२ सेकंद, दहा वेळा म्हणजे ११२. घड्याळात आले ११६. चार सेकंद जास्त म्हणजे दहा मात्रा, म्हणजे दर ओळीला बरोबर एक मात्रा. अशी नेमकी चूक माणसाच्या आळसाने होत नाही, ती लिहिण्यातच असते.

मग मात्रा मोजल्या. शाळेतलंच गणित: र्‍हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं किंवा अनुस्वाराचं अक्षर दीर्घ धरायचं. पहिली ओळ अशी येते:

कृ ष्ण का ठी: २ १ २ २
ऊ स डो ले: २ १ २ २
वा ट पा हे: २ १ २ २
मा उ ली: २ १ २

गझल लिहिणारे हिलाच गालगागा गालगागा गालगागा गालगा म्हणतात. पहिल्या दोन अक्षरांची बेरीज तीन, मग दोन, मग दोन. शब्दांतच ठेका आहे, वाद्याने काही करायची गरज नाही. आणि शेवटचा तुकडा बघा. 'माउली' पाचच मात्रांचं आहे. उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या आहेत, आणि बाई श्वास नेमका तिथेच घेतात.

दुसरी ओळ:

सां ज झा ली: २ १ २ २
गु रं आ ली: १ २ २ २
ले क ना ही: २ १ २ २
आ ली गं: २ २ २

'गुरं आली'मध्ये लांब-आखूड उलटं झालंय, पण पहिल्या दोन अक्षरांची बेरीज तीनच आहे. तिथे थोडा धक्का बसतो, तो गोड लागतो, राहू द्या. खरी अडचण शेवटी आहे. 'आली गं' सहा मात्रांचं आहे. श्वासाला एकच मात्रा उरली, म्हणजे ०.४ सेकंद. तेवढ्यात चौदा बायकांना श्वास घेऊन पुन्हा 'कृष्ण' उचलता येत नाही. त्या दोन मात्रा घेत होत्या आणि गाणं त्या एका ठिकाणी आठ होत होतं. शिवाय 'आली' दोन-दोन असल्याने तिथे तीनचा तुकडाच पडत नव्हता. 'ली' अर्धा पहिल्या तुकड्यात आणि अर्धा दुसऱ्यात.

गाणं ज्यांनी रचलं त्या वहिनींना मी सांगितलं की 'आली गं' काढावं लागेल. त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण 'गं'मध्येच सगळी माया आहे." बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, ठेवा, पण मग चाल आठची करू. पाच मिनिटं गेली आणि मागून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "पोचली म्हण की."

सांज झाली गुरं आली, लेक नाही पोचली.

पो-च-ली: दोन, एक, दोन. पाच मात्रा, दोन श्वासाला. वर 'माउली'शी यमकही जुळलं. पुन्हा दहा वेळा म्हणवलं, ११२ सेकंद आणि थोडं.

तुमच्या गाण्यात हेच बघा. प्रत्येक ओळीचा शेवटचा तुकडा पाच मात्रांत संपतोय का? संपत नसेल तर श्वास कुठून तरी चोरला जाणार, आणि तो नेहमी पहिल्या मात्रेतून चोरला जातो. दुसरं, प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या तीन मात्रा एखाद्या अक्षराच्या मध्येच तुटतात का? एखाद्या ठिकाणी तुटल्या तर चालतं, प्रत्येक ठिकाणी तुटत असतील तर ते शब्द या चालीचे नाहीत.

एक पळवाट मात्र टाळा. शब्द बसत नाही म्हणून 'पाणी'चं 'पाणि' आणि 'नदी'चं 'नदि' करत सुटायचं. कवितेत चालतं, जुन्या ओव्यांतही चालतं, पण समूहात गाताना निम्म्या बायका र्‍हस्व म्हणतात आणि निम्म्या सवयीने दीर्घ. मग एकाच ओळीत सात आणि आठ दोन्ही ऐकू येतात.

पाचवी तपासणी: घुमारा कुठे पडतोय

शब्द नीट झाले, बायका सुरेख गाऊ लागल्या आणि तालमीला माझा भाचा ढोलकी घेऊन आला. तबला शिकलेला पोरगा, हात गोड. ठेका लागला, सगळे खूश. पहिलं कडवं संपलं, त्याने झोकात तिहाई घेतली आणि शेवटचा 'धा' पडला तो 'कृष्ण'वर नाही, 'काठी'च्या 'का'वर. पुन्हा घेतली, पुन्हा 'का'वर. तो म्हणाला, "मामा, यांची सम चुकतीय." काकू म्हणाल्या, "पोरगं नवीन आहे."

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि कुणाचंच चुकत नव्हतं. रूपकाचा ठेका असा आहे: ती ती ना, धी ना, धी ना. इतर तालांत समेला डग्ग्याचा भरीव आवाज येतो. रूपकात सम 'खाली'च्या जागी आहे, हाताने दाखवताना तिथे टाळी नसते, हात उलटा करतात. पहिल्या तीन मात्रा डग्गा गप्प, घुमारा येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. ज्याने तबला शिकलाय त्याला हे माहीत असतं. पण जत्रेतल्या ढोल-हलगीवर वाढलेल्या कानाला जड आवाज म्हणजे सुरुवात, एवढंच ठाऊक. तो कान चौथ्या मात्रेला एक धरतो. मग त्याला ऐकू येतं धी ना, धी ना, ती ती ना. परतीची गाडी.

भाच्यानेही तेच केलं होतं, अनवधानाने. मंडळाच्या गडबडीत त्याने घुमाऱ्याला सम धरून उचल घेतली. तीनचा तुकडा दोघांचाही एकाच ठिकाणी पडत होता, म्हणून ठेका चालू असताना कुणालाच खटकलं नाही. पण त्याची पहिली मात्रा म्हणजे गाण्याची चौथी, आणि चौथी मात्रा म्हणजे 'का'. तिहाई त्याच्या समेवर अचूक आली, फक्त ती गाण्याची सम नव्हती. चौथ्या तऱ्हेचं लक्षण दिसलं की बाकी काही शोधत बसू नका, हेच असतं.

तपासायला सोपं आहे. गाणं बंद करा आणि ढोलकीवाल्याला नुसता ठेका धरून मोठ्याने मुखडा म्हणायला सांगा. त्याचा 'कृ' भरीव थापेवर पडला तर सम सरकलीय.

उपाय दोन. साध्या लोकगीतासाठी मी रूपकाचा मान बाजूला ठेवतो आणि पहिल्या मात्रेवर डाव्या हाताचा भरीव घुमारा देतो, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर हलकी थाप. ऐकणारा पहिल्याच आवर्तनात सुरुवात कुठे ते ओळखतो आणि टाळ्याही बरोबर देतो. तबल्याचे जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या, गाणं चौकात आहे, मैफलीत नाही. दुसरा उपाय, लय संथ असेल तर, दीपचंदी. ती चौदा मात्रांची, तीन-चार-तीन-चार. पहिला अर्धा भाग भरीव सुरू होतो, दुसरा हलका. सातच्या दोन आवर्तनांची जोडी तिच्यात आपोआप बांधली जाते, समेला 'धा' स्वच्छ येतो आणि लांब ओळी तिच्यात आरामात बसतात. आमच्या लयीला ती जरा जड झाली असती, म्हणून आम्ही पहिला उपाय घेतला.

भाच्याने दोनच आवर्तनं घुमारा पहिल्या मात्रेवर आणला आणि काकूंनी न सांगता मान हलवली.

सहावी तपासणी: यंत्र

ऑक्टोपॅड किंवा कीबोर्डचा साठवलेला ठेका वापरत असाल तर तो आठचा नाही ना, एवढं बघा. बऱ्याच वेळा सातचा ठेका साठवताना शेवटी रिकामी जागा राहून जाते आणि यंत्र ती निमूटपणे वाजवतं. दहा आवर्तनांचं घड्याळ यंत्रालाही लावा. मेट्रोनोम वापरायचा तर सुरुवातीला पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर ठोका ठेवा, मग चौथा-सहावा बंद करा आणि फक्त पहिला राहू द्या. पहिल्यावर पोचताना तुम्ही लवकर येताय की उशिरा ते तेव्हा कळतं. उशिरा आलात तर आठकडे झुकताय, लवकर आलात तर सहाकडे. सगळे ठोके चालू ठेवून महिनाभर रियाज केला तर यंत्राला सात येतील, तुम्हाला नाही.

कुठे थांबायचं

शब्द बदलूनही दर ओळीला मात्रा उरत किंवा कमी पडत असतील, आणि चालीचे मोठे सूर स्वतःच चार-चार मात्रांवर बसत असतील, तर ती चाल आठचीच आहे. तिला सातात कोंबू नका. हार्मोनियम येणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या, तो पाच मिनिटांत सांगेल. मागे एका शाळेच्या पोरांचं असंच होतं, कार्यक्रमाला आठवडा राहिला होता. मी आठ मात्रांचा केरवा धरला आणि गाणं त्यात मजेत गेलं.

ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्याला दहा आवर्तनं एकट्याने, गायकाशिवाय वाजवताना दर वेळी वेगळे सेकंद लागत असतील, तर माझ्यासारख्याने त्याला शिकवायला जाऊ नये. त्याला गुरूकडे पाठवा. हाताची लय बसायला बैठक लागते, तालमीच्या अर्ध्या तासात ती येत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने घोटून घेतली तर नंतर काढणं अवघड जातं.

आणि तीन तालमी झाल्या, टाळ-आकडे बंद केले, फलक म्हटला, पाय टाकले, शब्द मोजले, घुमारा तपासला, तरीही घड्याळात २८ येत नाहीत, तर चौथी तालीम घेऊ नका. रेकॉर्डिंग, ओळींच्या मात्रा लिहिलेला कागद आणि घड्याळाचे आकडे घेऊन तबल्याच्या शिक्षकांकडे जा. नुसतं "बसत नाही" म्हणून गेलात तर तेही टाळ खाली ठेवण्यापासूनच सुरुवात करतील.